बँकेत पैसे आहेत, मग तोटा कसा? रोख आणि उपार्जित पद्धतीचा हिशेब, एका उदाहरणातून

नव्याने धंदा सुरू केलेल्या माणसासमोर पहिल्या तिमाहीचा हिशेब ठेवला की हा प्रश्न हमखास येतो: "खात्यात पैसे दिसतायत, मग तुम्ही तोटा म्हणता तो आला कुठून?" कधी उलट तक्रार असते. नफा कागदावर छान दिसतो, पण पगाराच्या दिवशी खातं रिकामं. बहुतेक वेळा बेरीज-वजाबाकी चुकलेली नसते. उत्पन्न नेमक्या कोणत्या दिवशी धरायचं, एवढाच वाद असतो.

रोख पद्धतीत, म्हणजे बोलताना ज्याला कॅश बेसिस म्हणतात त्यात, पैसे आले त्या दिवशी उत्पन्न आणि पैसे गेले त्या दिवशी खर्च. इथे 'रोख' म्हणजे नोटा नव्हेत. बँकेतून आलेले, कार्डाने आलेले, चेकने आलेले, सगळे रोखच. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण इथे पुष्कळ जण घसरतात: मालकाने घातलेलं भांडवल आणि घेतलेलं कर्ज हे पैसे आले तरी उत्पन्न नाही. तसंच कर्जाचं मुद्दल फेडलं किंवा मालकाने घरखर्चाला पैसे उचलले तर तो धंद्याचा खर्च नाही.

उपार्जित पद्धतीत, म्हणजे अ‍ॅक्रुअलमध्ये, पैशांच्या येण्याजाण्याकडे न बघता कामाकडे बघतात. काम पुरं करून दिलं की उत्पन्न झालं, पैसे कधी का येईनात. खर्चही ज्या काळासाठी किंवा ज्या कामासाठी झाला, त्याच काळात पडतो. जुने हिशेबनीस हिला व्यापारी किंवा मर्कंटाइल पद्धत म्हणतात, दोन्ही एकच.

व्याख्या वाचून हे कुणाला कळलेलं मी पाहिलेलं नाही. आकडे मांडले की कळतं. तेव्हा एक धंदा घेऊ.

तीन महिन्यांचा धंदा

एक जण वातानुकूलन यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती करतो. हाताखाली एक मदतनीस आहे. अवजारं त्याच्याकडे आधीपासून आहेत, म्हणून घसाऱ्याचा विषय सध्या बाजूला ठेवू. स्वतःचे ५०,००० घालून त्याने सुरुवात केली. आकडे कोणत्याही चलनात वाचा, गणित बदलत नाही.

पहिल्या महिन्याच्या एक तारखेला त्याला एका मोठ्या इमारतीचं वार्षिक देखभालीचं कंत्राट मिळालं आणि वर्षभराचे १,२०,००० एकरकमी खात्यात जमा झाले. त्याच दिवशी त्याने वर्षभराच्या विम्याचे १२,००० भरले. मदतनीसाचा पगार महिना २५,००० आणि जागेचं भाडं १०,०००. हे दोन्ही तो महिनाअखेरीला न चुकता देतो.

दुसऱ्या महिन्यात एका कार्यालयाचं मोठं दुरुस्तीचं काम आलं. काम वीस तारखेला पुरं झालं, ६०,००० चं बिल दिलं, मुदत ४५ दिवसांची. त्यासाठी लागलेले २२,००० चे सुटे भाग त्याने उधारीवर आणले आणि सगळे त्याच कामात वापरले. पुरवठादाराने ६० दिवस दिले. तिसऱ्या महिन्यात नवं काम काही आलं नाही, फक्त कंत्राटाची देखभाल चालू राहिली.

आता रोख पद्धतीने बघा. पहिल्या महिन्यात आले १,२०,०००, गेले ४७,०००, शिल्लक ७३,०००. दुसऱ्या महिन्यात आलं काहीच नाही, गेले ३५,०००. तिसऱ्यातही तेच. तिमाहीची बेरीज: आले १,२०,०००, गेले १,१७,०००, म्हणजे ३,००० उरले. बँकेत ५०,००० होते, आता ५३,००० आहेत. माणूस म्हणेल, चला, सुरुवातीच्या मानाने ठीक आहे.

आता हेच उपार्जित पद्धतीने. कंत्राटाचे १,२०,००० हे बारा महिन्यांच्या कामाचे पैसे आहेत, म्हणून महिन्याला १०,००० उत्पन्न. विमाही बारा महिन्यांचा, म्हणून महिन्याला १,००० खर्च. पहिला महिना: उत्पन्न १०,०००, खर्च ३६,०००, तोटा २६,०००. दुसरा महिना: उत्पन्न १०,००० आणि दुरुस्तीचे ६०,००० मिळून ७०,०००; खर्च ३६,००० आणि सुटे भाग २२,००० मिळून ५८,०००; नफा १२,०००. तिसरा महिना पुन्हा पहिल्यासारखा, तोटा २६,०००. तिमाहीचा निकाल: ४०,००० तोटा.

एकाच धंद्याचे, त्याच तीन महिन्यांचे हे दोन निकाल आहेत. रोख पद्धतीत सर्वांत चांगला दिसलेला पहिला महिना खरं तर तोट्याचा होता, आणि एक पैसाही न आलेला दुसरा महिना हाच कमाईचा होता. पहिल्या महिन्याची शिल्लक बघून याने दुसरा मदतनीस ठेवला असता, तर त्याचा पगार तो पुढच्या अकरा महिन्यांच्या न केलेल्या कामाच्या पैशांतून देत बसला असता.

उपार्जित हिशेबातून त्याला आणखी एक उपयोगाची गोष्ट मिळते. कंत्राट धरूनही महिन्याला २६,००० ची खोट आहे, आणि अशा एका दुरुस्तीच्या कामात सुटे भाग वजा जाता ३८,००० राहतात. म्हणजे महिन्याला असं एक काम मिळालं तर धंदा १२,००० नफ्यात, नाही मिळालं तर तोट्यात. हे रोख वहीतून काही केल्या दिसत नाही.

रोख वही तशीच ठेवून उपार्जित निकाल कसा काढायचा

नवख्यांना वाटतं की दोन्हींतली एक पद्धत निवडली की दुसरी सोडून द्यायची. छोट्या धंद्यात तशी गरज नसते. रोजची नोंद रोख पद्धतीने करावी, कारण ती बँकेच्या विवरणाशी ताडून बघता येते आणि सोपी असते. महिनाअखेरीला एक कागद घेऊन फेरफार करावेत. मी स्वतः लहान धंद्यांचे हिशेब वर्षानुवर्षं असेच ठेवत आलो आहे.

पहिली पायरी, रोख वही बँकेशी जुळवा. वहीची शिल्लक आणि बँकेची शिल्लक यांत फरक असेल तर पुढे जाऊच नका, कारण पुढचं सगळं याच आकड्यावर उभं राहणार आहे.

दुसरी पायरी, महिन्याच्या शेवटच्या तारखेला चार याद्या करा.

१. येणी: काम झालं, पैसे यायचे आहेत. आपल्या उदाहरणात तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला ६०,०००.
२. देणी: माल किंवा सेवा घेतली, पैसे द्यायचे आहेत. इथे २२,०००.
३. आगाऊ आलेले पैसे: पैसे आले, काम व्हायचं आहे. कंत्राटाचे नऊ महिने उरले, म्हणून ९०,०००.
४. आगाऊ भरलेले पैसे: पैसे दिले, फायदा अजून मिळायचा आहे. विम्याचे नऊ महिने, ९,०००.

याद्या करताना तारीख पक्की धरायची. बिल कधी लिहिलं यापेक्षा काम कधी पुरं झालं हे महत्त्वाचं. काम तीस तारखेला संपलं आणि बिल पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला दिलं, तरी ते याच महिन्याच्या येण्यांत जातं. देण्यांच्या यादीत सगळ्यात जास्त राहून जातं ते न आलेलं बिल: महिनाभर वीज वापरली, बिल पुढच्या महिन्यात येणार. अंदाजाने का होईना, ते यादीत घ्यावं. गोदामात न वापरलेला माल असेल तर त्याची पाचवी यादी होते. सुट्या भागांपैकी ५,००० चे उरले असते, तर कामाचा खर्च १७,००० च धरला असता आणि उरलेले ५,००० शिल्लक माल म्हणून पुढे गेले असते.

तिसरी पायरी, रोख निकालापासून सुरू करून याद्या मिळवा-वजा करा. येणी आणि आगाऊ भरलेले पैसे मिळवायचे. देणी आणि आगाऊ आलेले पैसे वजा करायचे.

३,००० + ६०,००० − २२,००० − ९०,००० + ९,००० = −४०,०००

महिनावार मांडणीतूनही तोटा ४०,००० च आला होता. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की फेरफार बरोबर झाल्याची खात्री पटते.

चौथी पायरी, ताळेबंद मांडून बघा. एका बाजूला धंद्याकडे असलेलं: बँक ५३,०००, येणी ६०,०००, विम्याचे उरलेले ९,०००, एकूण १,२२,०००. दुसऱ्या बाजूला इतरांचं देणं: पुरवठादाराचे २२,००० आणि कंत्राटाच्या इमारतीला करून द्यायचं काम ९०,०००, एकूण १,१२,०००. उरले १०,०००. मालकाचे घातलेले ५०,०००, त्यातून तोटा ४०,००० गेला, राहिले १०,०००. जुळलं. बँकेत ५३,००० दिसत असले तरी मालकाच्या वाट्याचे त्यात खरं तर एवढेच, हे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर.

दुसऱ्या फेरीला होणारी चूक

पहिल्यांदा हे सगळ्यांना जमतं, कारण सुरुवातीच्या याद्या शून्य असतात. गडबड पुढच्या महिन्यात होते, म्हणून चौथा महिना पुरा करून बघू.

चौथ्या महिन्यात कार्यालयाने ६०,००० दिले. त्याने पुरवठादाराचे २२,००० फेडले, पगार आणि भाडं मिळून ३५,००० दिले. नवं दुरुस्तीचं काम नाही. रोख निकाल पुन्हा ३,००० शिल्लक. महिनाअखेरीच्या याद्या: येणी शून्य, देणी शून्य, आगाऊ आलेले ८०,०००, आगाऊ भरलेले ८,०००.

आता कुणी मागच्याच पद्धतीने ३,००० मधून ८०,००० वजा करून ८,००० मिळवले, तर ६९,००० तोटा येतो. हा आकडा चूक आहे. ८०,००० पैकी एक पैसाही या महिन्यात आलेला नाही, ते तीन महिन्यांपूर्वीच आले होते आणि तेव्हाच वजा झाले. दुसऱ्या फेरीपासून अख्खी यादी न घेता मागच्या महिनाअखेरीपासून झालेला फक्त बदल घ्यायचा असतो.

येणी ६०,००० वरून शून्य झाली, म्हणून ६०,००० वजा. ते उत्पन्न दुसऱ्या महिन्यातच धरलं गेलंय, आता फक्त पैसे आले. देणी २२,००० वरून शून्य, म्हणून २२,००० मिळवा. आगाऊ आलेले ९०,००० वरून ८०,००० झाले, म्हणजे १०,००० ची कमाई या महिन्यात झाली, ते मिळवा. विम्याचे १,००० संपले, ते वजा.

३,००० − ६०,००० + २२,००० + १०,००० − १,००० = −२६,०००

दुरुस्तीचं काम नसलेल्या महिन्याचा तोटा २६,००० च असायला हवा होता, आणि तसाच आला.

संगणकावर थेट बिलं टाकून हिशेब ठेवणाऱ्यांकडे हीच चूक वेगळ्या रूपात दिसते. बिल केलं तेव्हा प्रणालीने ६०,००० उत्पन्नात धरले. पैसे आले तेव्हा ते त्या बिलासमोर न लावता कुणीतरी पुन्हा 'विक्री' म्हणून नोंदवले. उत्पन्न १,२०,००० झालं. ओळखायची खूण सोपी आहे: येण्यांची यादी काढा. ज्या ग्राहकाने पैसे दिलेत असं तुम्हाला पक्कं आठवतं, त्याचं नाव तिथे अजून थकबाकीत असेल, तर ते पैसे दुसऱ्या खात्यात गेलेत. दर महिन्याला ही यादी बिलागणिक वाचून काढायला दहा मिनिटं लागतात. वर्षअखेरीला शोधायला बसलं तर दोन दिवस जातात.

बिलावर ग्राहकाकडून सरकारसाठी घेतलेला विक्रीकरासारखा कर असेल, तर तो येण्यांत येतो पण उत्पन्नात नाही. तो वेगळ्या देण्यात ठेवायचा.

उपार्जित पद्धत कुठे फसवते

आतापर्यंत मी उपार्जित पद्धतीची बाजू घेतोय असं वाटेल. तिचंही एक दुखणं आहे. ती धरते ते उत्पन्न प्रत्यक्ष येईलच असं नाही. समजा त्या कार्यालयाने पैसे दिलेच नाहीत. रोख पद्धतीत ६०,००० कधी उत्पन्नात आलेच नव्हते, त्यामुळे काढायलाही काही नाही. उपार्जित पद्धतीत ते दुसऱ्या महिन्यात नफ्यात बसलेत, आणि आता बुडीत येणं म्हणून खर्चात टाकावे लागतात. म्हणून येण्यांची यादी वयाप्रमाणे लावायची सवय ठेवा: मुदतीतली, मुदतीनंतर महिनाभर झालेली, त्याहून जुनी. जितकी जुनी तितकी तिच्यातून वसूल होणारी रक्कम कमी धरायची आणि तेवढी तरतूद आधीच खर्चात घ्यायची.

दुसरं म्हणजे, उपार्जित नफा पगार देत नाही. दुसऱ्या महिन्यात कागदावर १२,००० नफा होता आणि खात्यातून त्याच महिन्यात ३५,००० गेले होते. म्हणून नफा-तोटा पत्रकाबरोबर पुढच्या आठ-दहा आठवड्यांत कोणत्या तारखेला काय येणार आणि काय जाणार याचा तक्ता हवाच. आंतरराष्ट्रीय लेखामानकांतही आर्थिक विवरणं उपार्जित पद्धतीने करायला सांगितलं आहे, आणि त्यांच्या जोडीला रोख प्रवाहाचं विवरण वेगळं मागितलं आहे. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

मग कुणी काय ठेवावं

काम झालं की तिथल्या तिथे पैसे घेणारा, उधारी न देणारा, मालाचा साठा न ठेवणारा एकटा माणूस असेल, जसं तासावर शिकवणारा शिक्षक किंवा जागेवर येऊन दुरुस्ती करून पैसे घेऊन जाणारा कारागीर, त्याला रोख पद्धत पुरेशी आहे. त्याच्या चारही याद्या जवळपास रिकाम्या असतात, म्हणजे दोन्ही पद्धतींचं उत्तर जवळपास एकच येतं. उगाच उपार्जित हिशेबाचा व्याप कशाला?

याद्या भरायला लागल्या की चित्र बदलतं. मी साधारण असं बघतो: चार याद्यांतला सर्वांत मोठा आकडा महिन्याच्या नेहमीच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या पुढे गेला, की फक्त रोख वहीवर निर्णय घ्यायचं थांबवावं. हा नियम नव्हे, माझा अंदाज आहे. आपल्या मेकॅनिककडे कंत्राटाचे १,२०,००० आगाऊ आले होते, म्हणजे हा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला होता. वर्गणी किंवा आगाऊ रक्कम घेणारे, महिनोन्‌महिने चालणारी कामं करणारे, साठा ठेवणारे, उधारीवर विकणारे यांना उपार्जित पद्धतच लागते. भागीदार असतील तर आणखीच. एक भागीदार तिमाहीअखेरीला बाहेर पडला आणि रोख हिशेबावर वाटणी झाली, तर आपल्या उदाहरणात ९०,००० चं उरलेलं काम राहणाऱ्याच्या गळ्यात पडतं आणि पैसे निम्मे जाणाऱ्याकडे जातात. कर्ज देणारी बँकही येणी-देणी असलेला ताळेबंदच मागते.

करासाठी कोणती पद्धत चालेल हे मात्र तुमच्या मनावर नसतं. बऱ्याच देशांत लहान व्यावसायिकांना ठरावीक मर्यादेपर्यंत रोख पद्धत चालते आणि कंपन्यांना उपार्जित पद्धत सक्तीची असते. मर्यादा ठिकठिकाणी वेगळी. व्यवस्थापनासाठी एक आणि करासाठी दुसरी पद्धत ठेवणं जिथे चालतं, तिथे वर सांगितलेला फेरफारांचा कागदच दोघांना जोडणारा पूल होतो. तो जपून ठेवा, विचारणा झाली की तोच दाखवायचा असतो.

पद्धत बदलताना

रोखवरून उपार्जितवर जायचं ठरवलं, तर बदलाच्या पहिल्या दिवशी जुन्या याद्या घट्ट धराव्या लागतात. समजा आपला माणूस चौथ्या महिन्याच्या एक तारखेपासून बदलतो. ६०,००० चं काम दुसऱ्या महिन्यातलं. रोख पद्धतीच्या तिमाहीत ते आलं नाही, कारण पैसे आले नव्हते. उपार्जित पद्धतीच्या चौथ्या महिन्यातही येणार नाही, कारण काम आधीच झालं होतं. म्हणजे ६०,००० उत्पन्न कुठेच न धरता निसटून गेलं. उलट कंत्राटाचे ९०,००० रोख पद्धतीत पहिल्या महिन्यातच उत्पन्न झाले होते, आणि आता दर महिन्याला १०,००० करून पुन्हा धरले जातील. एक रक्कम गळली, दुसरी दोनदा आली.

म्हणून बदलाच्या तारखेच्या चारही याद्यांचा एकदाच समायोजनाचा आकडा काढतात: ६०,००० − २२,००० − ९०,००० + ९,०००, म्हणजे वजा ४३,०००. रोख निकाल ३,००० आणि उपार्जित निकाल −४०,००० यांतला फरक तो हाच. करासाठी ही रक्कम एकाच वर्षात घ्यायची की पसरून, आणि आधी परवानगी लागते का, हे तिथला कायदा सांगतो. ते बदल करण्याआधी सल्लागाराला विचारून घ्या. याद्या मात्र त्याच दिवशी, बिलं आणि कंत्राटाच्या प्रती जोडून करून ठेवा. सहा महिन्यांनी बसलं तर कोणतं काम कोणत्या तारखेला पुरं झालं होतं, हे कुणालाच नीट आठवत नाही.